चार दोऱ्यांची जास्वंद

भरतकामाच्या प्रदर्शनात रंगवल्यासारखं फूल दिसलं की एक प्रश्न हमखास कानावर येतो : “किती शेड्स वापरल्या असतील हो?” मग हौशी मंडळी तुळशीबागेत जाऊन एकाच लाल रंगाच्या दहा-बारा लडी घेऊन येतात. जितक्या छटा जास्त तितकं फूल खरं, हा समज जाहिरातींनी आणखी पक्का केला आहे. रंगांचे भले मोठे डबे याच आशेवर खपतात. खरं तर जास्वंदीची पाकळी चार छटांत उत्तम उतरते. मधल्या छटा आपला डोळा तयार करतो.

सहापदरी दोऱ्यातला एक पदर वेगळा काढा आणि पट्टीवर दहा वेढे शेजारी-शेजारी गुंडाळा. ते सगळे मिळून साधारण तीन मिलिमीटर भरतात, म्हणजे एक पदर सुमारे ०.३ मिलिमीटर. निरोगी डोळ्याला एक मीटरवरून जेमतेम एवढंच अंतर वेगळं ओळखता येतं. त्यामुळे भरताना हातातल्या रिंगमध्ये सुटे दिसणारे टाके भिंतीवरच्या चौकटीत गेले की मिसळतात. शेजारच्या दोन दोऱ्यांवरून आलेला प्रकाश एकत्र मोजला जातो आणि मेंदूला त्यांची सरासरी मिळते. रंगपेटीत होतं ते मिश्रण वेगळं. तिथे पिवळ्यात निळा कालवला की हिरवा होतो. पिवळा आणि निळा दोरा शेजारी घातले तर लांबून मळकट राखाडी दिसतो. म्हणून पानासाठी हिरवा दोराच घ्यावा लागतो.

मला सर्वांत आवडणारी गोष्ट आता येते. बारीक तपशील टिपताना डोळा उजेड-अंधाराचा फरक फार नेमका पकडतो, निव्वळ रंगाचा फरक मात्र कितीतरी ढोबळपणे पाहतो. रंग ओळखण्यासाठी डोळ्यातल्या वेगवेगळ्या प्रकारच्या शंकुपेशींच्या संदेशांची वजाबाकी करावी लागते. त्यातल्या निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी मुळातच थोड्या असतात, आणि दृष्टीच्या अगदी मध्यबिंदूवर तर त्या नसतातच. मोबाइलवरचे फोटो साठवतानाही याच कमकुवतपणाचा फायदा घेऊन रंगाची माहिती सहसा कमी बारकाईने ठेवतात. याचा अर्थ असा की शेंदरी आणि गुलाबी दोरे सारखेच उजळ असतील तर ते हातभर अंतरावरही एकमेकांत विरघळू लागतात. फिकट गुलाबी आणि गडद मरून मात्र मीटरभर अंतरापर्यंत सुटे दिसू शकतात. निवडलेल्या लडी ओळीने मांडून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. त्यात राखाडीच्या पायऱ्या सारख्या अंतराने उतरत गेल्या पाहिजेत. एखादी मोठी उडी दिसली तर नेमकी तिथेच मधली लड हवी.

अशा फुलांत छटा एकमेकींत मिसळायला लांब-आखूड टाके घालतात. पण लांब-आखूडच कशासाठी? दोन छटा सरळ रेषेत भेटल्या तर डोळा ती रेषा वाढवून दाखवतो. कडेजवळची उजळ बाजू अधिक उजळ आणि गडद बाजू अधिक गडद भासते. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेल्या मिशेल शेव्रल यांनी विणलेल्या गालिच्यांतल्या रंगांच्या तक्रारींवरून हा शेजाराचा परिणाम अभ्यासला आणि १८३९ साली प्रसिद्ध केला. डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी शेजारच्या पेशींचा संदेश दाबतात, त्यातून हे घडतं. सरळ रेषाच ठेवली नाही तर डोळ्याला वाढवून दाखवायला काही उरत नाही.

चार सेंटिमीटरची पाकळी घेऊ. आधी देठाकडे जाणाऱ्या दिशारेषा पेन्सिलीने आखा आणि कडेवर स्प्लिट स्टिच, म्हणजे आधीच्या टाक्याचा दोरा चिरत पुढे जाणारा टाका घाला. फिकट छटेची पहिली ओळ आतून वर येऊन त्या कडेपलीकडे उतरते. टाके कधी दहा मिलिमीटरचे, कधी सातचे. पुढच्या छटेची सुई आधीच्या टाक्यांचा दोरा चिरत खालून वर येते, तीन-चार मिलिमीटर आतून, पण प्रत्येक वेळी वेगळ्या खोलीवर, आणि मोकळ्या कापडात उतरते. या ओळीपासून टाके जवळपास सारख्याच लांबीचे चालतात, कारण सुरुवातच पुढे-मागे झालेली असते. देठाकडे जागा अरुंद होते, तेव्हा अधूनमधून एखादा टाका गाळायचा. नाहीतर दोरे एकमेकांवर चढून गाठ फुगते.

“लांब, आखूड, लांब, आखूड” असा ठेका धरला की हमखास बिघडतं. नियमित दात्यांची कंगव्यासारखी रेघ उमटते आणि डोळा ती लगेच पकडतो. काम दोन मीटरवर ठेवून डोळे किलकिले करा. रेघ दिसली तर सगळं उसवू नका, वरच्या छटेचे दोन-चार टाके खालच्या ओळीत खोलवर उतरवले की ती मोडते.

एवढं करूनही एकाच लडीचे दोन भाग वेगळे दिसू शकतात. चकचकीत दोऱ्यातले तंतू समांतर असल्याने प्रकाश टाक्याच्या दिशेप्रमाणे परावर्तित होतो. त्यात ना लडीचा दोष, ना रंगाच्या त्या ‘ऊर्जे’चा काही संबंध, जिच्या नावाने हल्ली काहीही विकतात. पाकळी खिडकीसमोर पाव फेरा फिरवली की उजळ भाग मंद होतो. म्हणून छटांचा क्रम ठरवताना काम ज्या भिंतीवर लागणार आहे तिथला उजेड कुठून येतो, ते आधी पाहावं.