चारशे रुपयांची विंडोज की आणि ‘अ‍ॅक्टिव्हेटेड’चा शिक्का

“दादा, चारशेची विंडोज की टाकली, ‘अ‍ॅक्टिव्हेटेड’ दाखवतंय. म्हणजे ओरिजिनलच की! मग बारा-पंधरा हजार कशाला घालवायचे?”

नाही. त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की आज ती की चालली. वापरायचा हक्क तुला मिळाला का, हे त्यातून कळत नाही.

राजारामपुरीत राहणाऱ्या माझ्या भाच्यानं नव्या गेमिंग पीसीवर अशीच की टाकली होती. मी कमांड प्रॉम्प्ट उघडून दोन ओळी टाकल्या:

```
slmgr /dli
slmgr /xpr
```

पहिलीत VOLUME_KMSCLIENT आलं, दुसरीत मुदत संपायची तारीख. म्हणजे हे कंपन्या-कॉलेजांसाठीचं लायसन्स. ते 180 दिवस टिकतं आणि संस्थेच्या सर्व्हरकडून नवं होत राहतं. विक्रेत्यानं जोडलेला सर्व्हर बंद पडला, की मुदतीनंतर स्क्रीनवर पुन्हा ‘Activate Windows’. पोरानं साठवलेले पैसे असे जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पहिल्या ओळीत RETAIL, म्हणजे सुट्या ग्राहकाला विकलेलं लायसन्स, दिसलं तरी निर्धास्त होऊ नकोस; चोरीच्या कार्डावर घेतलेली कीसुद्धा तसंच दाखवते आणि पुढे ब्लॉक होऊ शकते. त्यामुळे बिल हवंच.

खऱ्या रिटेल लायसन्सचा फायदा मदरबोर्ड बदलताना कळतो. जुन्या पीसीवरून काढून ते नव्यावर नेता येतं. पीसीसोबतच येणारं ओईएम लायसन्स पहिल्याच मशीनशी बांधलेलं राहतं.

आत्ता पैसे नसतील तर विंडोज अ‍ॅक्टिव्हेट न करता वापर. कोपऱ्यात वॉटरमार्क राहील, वॉलपेपर-थीमच्या सेटिंग्ज बंद राहतील, पण गेम्स चालतील. लायसन्सच्या अटींत ते बसत नाही, म्हणून पैसे जमले की रिटेल घे.