चेहऱ्यांची फोटो-तुलना
दोन फोटो शेजारी ठेवून त्यातला माणूस एकच आहे का ते ठरवणं. ओळखीच्या चेहऱ्याचा प्रश्न वेगळा, इथे विषय अनोळखी चेहऱ्यांचा.

याची पद्धतशीर सुरुवात साधारण १८८० च्या दशकात पॅरिस पोलिसांतल्या अल्फोन्स बर्टिलॉनपासून धरतात. शरीराची मापं, समोरून आणि बाजूने फोटो, कानाच्या आकाराचं वर्णन अशी कार्डं त्याने बनवली. ही पद्धत मागे का पडली याबद्दल अमेरिकेतल्या लेव्हनवर्थ तुरुंगाची गोष्ट हमखास सांगतात: १९०३ मध्ये विल वेस्ट नावाचा कैदी आला, त्याच्याशी मिळतीजुळती मापं आणि फोटो असलेलं विल्यम वेस्टचं कार्ड आधीच सापडलं, मग बोटांच्या ठशांनी दोघं वेगळे ठरले. दोन वेस्ट खरेच होते, पण त्या तुरुंगात ठसे घेणं १९०४ च्या सुमारास सुरू झालं, त्यामुळे ठशांचा भाग नंतर जोडला असावा हे मत जास्त पटतं.

नुसत्या नजरेची मुख्य अडचण अशी की एकाच माणसाचे फोटो आपल्या अंदाजापेक्षा खूप वेगवेगळे दिसतात. २०११ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉब जेनकिन्स आणि सहकाऱ्यांनी दोन डच सेलिब्रिटींचे प्रत्येकी २० फोटो एकत्र करून माणसाप्रमाणे गठ्ठे लावायला सांगितले. त्यांना न ओळखणाऱ्यांनी सरासरी सात-आठ गठ्ठे केले, ओळखणाऱ्या डच लोकांनी बहुतेक दोनच.

त्यात कॅमेऱ्याच्या अंतराचा हात मोठा. समजा सेल्फी नाकापासून ३० सेंमीवरून काढली आणि कान नाकाच्या १२ सेंमी मागे आहेत, म्हणजे कान ४२ सेंमीवर. नाक कानांच्या मानाने ४२/३० म्हणजे १.४ पट मोठं येणार. तोच माणूस आयडी फोटोसाठी १५० सेंमीवर बसला तर हे प्रमाण १६२/१५०, जेमतेम १.०८. म्हणजे सेल्फीत नाक कानांच्या तुलनेत जवळपास ३० टक्के फुगलं, आणि हे नंतर क्रॉप किंवा झूम करून सुधारत नाही, कारण फरक लेन्सपेक्षा अंतराचा आहे. म्हणूनच फोटोवर पट्टी लावून मापं जुळवायची पद्धत आजच्या फॉरेन्सिक मार्गदर्शक सूचना नाकारतात.

त्याऐवजी तपासनीस एकेक भाग बघतात: कानाची पाळी चिकटलेली की सुटी, कानाच्या आतल्या घड्या, तीळ, व्रण, आणि दिसणारा फरक प्रकाश, वय, हावभाव, अंतर यातून निघतो का. तीळ एकात आहे आणि दुसऱ्यात नाही तर फोटो धूसर आहे का हे आधी, कारण कॉम्प्रेशन तीळ सहज पुसून टाकतं (आणि नसलेला डाग उमटवूही शकतं). साम्य मोजण्यात अर्थ कमी, दोन डोळे एक नाक सगळ्यांनाच असतं.

अनुभवाने नजर तयार होते हा समज मात्र तपासून घ्यावा. ऑस्ट्रेलियातल्या पासपोर्ट अधिकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासात समोरच्या माणसाशी न जुळणाऱ्या फोटोंपैकी सुमारे १४ टक्के त्यांनी चालवून घेतले आणि नोकरीच्या वर्षांचा अचूकतेशी संबंध दिसला नाही.