करिअर म्हटलं तर कॅरिअर का ऐकू येतं?

आपल्या सोलापुरात एक समज पक्का बसलाय, की इंग्लिश कॉलवर समोरच्याला कळत नाही ते आपल्या टोनमुळं, मराठीत तेलुगू-कन्नड मिसळलंय ना बे, जीभच जड. मग लहानपणी वेखंड चाटवायचं आणि मोठेपणी ‘३० दिवसांत अमेरिकन ॲक्सेंट’वाला क्लास लावायचा, दोन्हीचा उपयोग जवळपास सारखाच.

खरी भानगड अक्षरावर द्यायच्या जोराची आहे. मराठीत लघु-गुरू चालतं, पण जोर कुठल्या अक्षरावर दिला त्यावरून शब्द बदलत नाही. ‘सोलापूर’मध्ये ‘सो’ दाबून म्हणा नाहीतर ‘पू’, गाव तेच. इंग्लिशमध्ये शब्दातलं एक अक्षर लांब, ठसठशीत होतं, आवाजाची पट्टी तिथंच हलते, आणि बाकीची अक्षरं चक्क खाल्ली जातात, त्यांचे स्वर विरून एक पुसट ‘अ’ उरतो.

आता ‘करिअर’ घ्या. इंग्रज माणूस ‘क’ जेमतेम उच्चारतो आणि सगळा जोर ‘रीअ’वर टाकतो. आपण ‘क’ पूर्ण म्हणतो, ‘रि’ ऱ्हस्व. आता सलग बोलण्यात शब्दांमध्ये गॅप नसतो, त्यामुळं त्याचा कान जोरदार अक्षर धरतो आणि शब्द बहुतेक तिथूनच सुरू झाला असं मानून शोधायला लागतो, कारण इंग्लिशमधले बरेचसे नेहमीचे शब्द जोरानंच सुरू होतात. पहिल्याच अक्षरावर जोर ऐकला की त्याला सापडतो ‘कॅरिअर’, म्हणजे वाहून नेणारा. पुढचं वाक्य जुळत नाही म्हणून तो मागं येतो, तोवर तुम्ही दोन शब्द पुढं गेलेले असता. आणि ‘सावकाश बोल’ हा सल्ला इथं उलटा पडतो, कारण सावकाश बोलताना आपण खायची अक्षरंसुद्धा सुटी करून पूर्ण म्हणतो.

इंग्लिशमध्ये जोर ठरावीक वेळानं पडतो आणि आपल्यासारख्या भाषांत अक्षरं सारख्या वेळात येतात, हे पुस्तकी वाक्य मात्र जरा जपून घ्यावं, यंत्रानं मोजलं तर तसं घड्याळ कुठंच सापडत नाही. फरक आहे तो इंग्लिशमध्ये शेजारशेजारच्या स्वरांची लांबी खूप कमीजास्त होते, याचा. आणि हैदराबाद-बंगळुरूशी बोलताना काही अडत नाही, तिकडचेही बरेच लोक आपल्यासारखाच जोर देतात.

अडतं ते टॉवेलच्या एक्स्पोर्ट ऑर्डरवर. ‘थर्टी’त जोर ‘थर्’वर, ‘थर्टीन’मध्ये ‘टीन’वर, म्हणून तिकडचा माणूस शेवटचा ‘न’ नीट ऐकू आला नाही तरी ओळखतो. आपण दोन्ही सारखेच म्हणतो. पण गंमत अशी की ‘थर्टीन टॉवेल्स’ म्हणताना पुढच्या ‘टॉ’वर जोर येतो म्हणून खुद्द इंग्रजाचाही जोर ‘टीन’वरून ‘थर्’वर सरकतो, मग त्यालाही ‘न’वरच भागवावं लागतं. म्हणून आकडा सांगून झाला की वर ‘वन थ्री’ किंवा ‘थ्री झीरो’ असंही म्हणायचं.