फोर-के मॉनिटरवर फुल एचडी चित्र पुसट का दिसते?

नवा फोर-के मॉनिटर घरी नेल्यावर काही ग्राहक दोन दिवसांत परत येतात आणि सांगतात, जुन्या मॉनिटरवर अक्षरे याहून स्पष्ट होती. त्यांचे बरोबर असते, पण बहुतेक वेळा मॉनिटरमध्ये दोष नसतो. संगणक अजून १९२०×१०८० चा सिग्नल देत असतो आणि पडदा ३८४०×२१६० चा असतो.

खरे तर फुल एचडीच्या एका पिक्सेलच्या जागी फोर-केचे बरोबर चार पिक्सेल बसतात. तरीही चित्र पुसट होते, कारण ते मोठे करताना मॉनिटर सहसा शेजारचे रंग एकमेकांत मिसळतो. पांढऱ्यावर एक पिक्सेल रुंदीची काळी रेघ घ्या. नेहमीच्या बायलिनिअर पद्धतीत तिच्या जागी गडद राखाडी रंगाचे दोन पिक्सेल येतात आणि दोन्ही बाजूंना फिकट राखाडी एकेक. रेघ चार पिक्सेल रुंद झाली, पण काळी कुठेच राहिली नाही. देवनागरीतले अनुस्वार आणि रफार यात आधी हरवतात.

इंटिजर स्केलिंगमध्ये रंग मिसळत नाहीत. प्रत्येक पिक्सेल जसाच्या तसा चारदा मांडला जातो, म्हणून रेघ दोन पिक्सेलची आणि पूर्ण काळीच राहते.

म्हापशाच्या एका छापखान्यात हिशेबाचा जुना प्रोग्राम होता. आम्ही आधी विंडोज ३८४०×२१६० वर ठेवून Scale २००% केले. रोजच्या कामाला हाच मार्ग उत्तम, कारण नवे प्रोग्राम अक्षरे मुळातच बारीक पिक्सेलांत रेखतात. पण त्या जुन्या प्रोग्रामचे चित्र विंडोज स्वतःच ताणत होते, त्यामुळे आकडे पुसटच राहिले. मग NVIDIA Control Panel मधल्या Adjust desktop size and position मध्ये Integer scaling निवडले आणि रिझोल्यूशन १९२०×१०८० केले. आकडे थोडे चौकोनी दिसू लागले, पण ३ आणि ८ यांत गोंधळ उरला नाही.

जमले की नाही हे मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत, माहितीच्या पानावर कळते. तिथे ३८४०×२१६० दिसले तर मोठे करण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते आहे. १९२०×१०८० दिसले तर ते अजून मॉनिटरकडेच आहे.

एनव्हिडियाची ही सोय ऑगस्ट २०१९ मध्ये आली. ती जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मालिकेपासून पुढच्या कार्डांवरच चालते. एएमडी आणि इंटेलच्याही बऱ्याच नव्या ग्राफिक्समध्ये ती आहे. सेट-टॉप बॉक्स किंवा कॅमेऱ्यांचा डीव्हीआर थेट जोडला असेल तर सगळे मॉनिटरवरच अवलंबून असते.

सिनेमा आणि फोटोंसाठी मात्र आम्ही मिसळणारी पद्धतच सुचवतो. तिथे इंटिजर स्केलिंगने चेहऱ्याच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. २५६०×१४४० चा सिग्नलही इथे बसत नाही: तो दीडपटच वाढू शकतो, म्हणून चित्र मूळ आकारात मधोमध राहते आणि चारही बाजूंना काळी पट्टी येते.

मॉनिटर घ्यायला येताना आपल्या ग्राफिक्स कार्डाचे नाव लिहून आणा. Device Manager मध्ये Display adapters खाली ते सापडेल.