लेथसमोर कोणती मॅट टाकावी?

आठ तास लेथवर उभ्या राहणाऱ्या टर्नरच्या पोटऱ्या संध्याकाळी भरून येतात, त्याचा दोष एकट्या काँक्रीटचा नाही. पोटरीचा स्नायू आवळला की शिरांमधलं रक्त वर ढकललं जातं. चालताना हे आपोआप घडतं. एका जागी उभं राहिलं की स्नायू नुसते ताणून राहतात आणि रक्त खालीच साठतं. किंचित दबणाऱ्या मॅटवर पाय तोल सावरत बारीक हलत राहतो, तेवढ्याने पोटरीचं काम थोडं चालू राहतं.

म्हणून जितकी मऊ तितकी चांगली, हा हिशेब चुकतो. पाऊल रुतायला लागलं की घोट्याला दिवसभर सावरावं लागतं आणि थकवा उलट वाढतो. विकत घेण्याआधी मॅटवर एका टाचेवर सगळं वजन टाकून उभं राहा. टाच थोडी दबली पाहिजे, पण खालची फरशी जाणवता कामा नये. साधारण १२ ते २० मिलिमीटर जाडी पुरते.

खरी निवड मात्र लेथच्या आसपास काय सांडतं यावर ठरते. उघड्या छिद्रांचा फोम कूलंट स्पंजासारखा पितो, त्यात चिप्स रुततात, आणि मग तो धुऊनही निघत नाही. व्हिनाइलचा थर असलेला फोम कोरड्या असेंब्लीच्या टेबलापुढे उत्तम. पण लेथवरून उडालेली निळी पडलेली स्टीलची चिप सुमारे ३०० अंशांपर्यंत तापलेली असते, ती व्हिनाइल वितळवून आत जाते. शिवाय तेलामुळे व्हिनाइलला मऊ ठेवणारं द्रव्य निघून जातं आणि मॅट कडक होऊन तडकते.

मग रबर घ्यावं, पण कोणतं? नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगतं. लेथपुढे हवं नायट्राइल रबर, तेही कूलंट खाली जाईल अशा भोकांचं. दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका. नमुन्याचा तुकडा मागा, व्हर्नियरने त्याची जाडी मोजा, तुमच्याच कटिंग ऑइलमध्ये तीन दिवस बुडवून ठेवा आणि पुन्हा मोजा. जाडी चांगलीच वाढली किंवा तुकडा लिबलिबीत झाला, तर तो माल नको.

मॅट चकपासून टेलस्टॉकपर्यंत, म्हणजे माणूस जिथवर सरकतो तिथवर हवी. कडा उतरत्या असाव्यात, नाहीतर पाय अडखळतो आणि ट्रॉलीचं चाक अडतं. दर आठवड्याला ती उचलून खालचं तेल पुसा, कारण तेलाच्या थरावर मॅटच घसरते.

काही महिन्यांनी उभं राहण्याच्या जागेची आणि कोपऱ्याची जाडी मोजून बघा. उभं राहायची जागा कायमची बसली असेल, तर वरून मॅट कितीही शाबूत दिसली तरी टर्नर पुन्हा काँक्रीटवरच उभा आहे असं समजून ती बदला.