एकच विक्रेता, तरी रास्त दर : पार्श्वभूमी

सोलापुरात टॉवेलच्या गाठी कारखान्यातून ट्रान्सपोर्टच्या गोदामापर्यंत पोहोचवणारा एखाद्या पट्ट्यात एकच टेम्पोवाला असेल, तर तो मनाला येईल तो दर लावेल, असे आपण सहज गृहीत धरतो. विक्रेते जितके कमी तितका दर चढा, ही समजूत अर्थशास्त्रातही दीर्घकाळ रूढ होती. तिला पहिला मोठा छेद अर्थशास्त्रज्ञ जो बेन यांच्या 1956 मधील ग्रंथाने दिला. बाजारात आज कितीजण आहेत एवढेच पाहून भागत नाही, बाहेरून आत येऊ पाहणाऱ्यापुढे कोणते अडथळे आहेत हेही पाहावे लागते, असे त्यांनी दाखवले. पुढे 1968 मध्ये हॅरोल्ड डेमसेट्झ यांनी असे मांडले, की एकाच पुरवठादाराला जागा असली तरी त्या जागेसाठी अनेकांनी बोली लावली तर दर आटोक्यात राहू शकतो.

या विचाराला रेखीव सिद्धांताचे रूप विल्यम बॉमॉल, जॉन पान्झर आणि रॉबर्ट विलिग यांनी 1982 मधील ग्रंथात दिले. त्यांच्या मांडणीचा आधार बुडीत खर्च आणि स्थिर खर्च यांतील फरकावर आहे. माल कितीही वाहिला तरी टेम्पोचा जो खर्च होतोच, तो स्थिर खर्च. पण धंदा सोडताना टेम्पो विकून किंवा दुसरीकडे लावून जे परत मिळत नाही, तेवढेच बुडीत. लाखोंची गाडीसुद्धा जवळजवळ काहीच न बुडवता बाजाराबाहेर नेता येते, आणि पाच हजारांचा रंगवलेला फलक मात्र पूर्ण बुडतो. हा फरक आपल्याकडच्या व्यवहारी चर्चेत फार वेळा पुसला जातो.

हिशेबासाठी काल्पनिक आकडे घेऊ. एका टेम्पोचे भाडे, डिझेल आणि चालक मिळून दिवसाला 3000 रुपये लागतात, पट्ट्यातून रोज 60 गाठी निघतात आणि त्या एकाच गाडीत मावतात. म्हणजे गाठीमागे खर्च 50 रुपये. दोन गाड्यांनी निम्मा निम्मा माल वाहिला तर तोच खर्च 100 वर जाईल, म्हणून इथे एकच गाडी असणे हे कोणाचे कारस्थान नाही, ते हिशेबातच बसलेले आहे. आता त्या एकट्या टेम्पोवाल्याने दर 70 केला असे समजा. कांद्याची आवक ओसरल्यावर मार्केट यार्डात गाड्या रिकाम्या उभ्या राहतात. त्यांतला एखादा मालक 65 चा दर सांगून सगळ्या गाठी उचलतो आणि रोज 900 रुपये सुटतात. जुन्याने दर उतरवला की हा दुसरीकडे भाडे मारायला निघून जातो, आणि जाताना त्याचे काहीच मागे राहत नाही. येऊन हात मारून जाणारा हा पाहुणा सतत शक्य असल्यामुळे, तो प्रत्यक्षात कधी आला नाही तरी, जुन्याला दर 50 च्या आसपास ठेवावा लागतो. हा दर सरासरी खर्चाइतका असतो. त्याखाली गेल्यास जुन्यालाच तोटा होतो.

मांडणीचा कस लागला तो अमेरिकेत. 1978 च्या कायद्याने तिथल्या विमान कंपन्यांवरील भाडे आणि मार्गांचे सरकारी नियंत्रण उठवण्यास सुरुवात झाली, आणि विमान एका मार्गावरून दुसऱ्यावर सहज नेता येत असल्याने हा बाजार सिद्धांताचे ठळक उदाहरण वाटू लागला. पुढच्या वर्षांतील अभ्यासांत मात्र असे आढळले, की ज्या मार्गावर प्रत्यक्ष जास्त कंपन्या उडतात तिथेच भाडी कमी असतात. नुसत्या संभाव्य स्पर्धकाचा धाक तेवढा चालत नाही. विमान हलते, पण विमानतळावरील जागा, आरक्षणाच्या संगणक यंत्रणा आणि 1981 पासून सुरू झालेल्या नियमित प्रवाशांच्या सवलत योजना जुन्या कंपन्यांच्या बाजूने राहिल्या.

टीकाकारांनी आणखी एक नेमका सांधा दाखवला. नवागताने कमाई करून निघून जाईपर्यंत जुन्याने दर बदलायचा नाही, असे सिद्धांत गृहीत धरतो. आपल्या टेम्पोवाल्याने मात्र त्याच संध्याकाळी फोन करून दर 50 केला, तर पाहुण्याचे 900 रुपये एकदाच सुटतात. त्यातच गाठी भिजू नयेत म्हणून पाहुण्याने गाडीला 18,000 रुपयांचा खास सांगाडा बसवला असेल, आणि तो दुसऱ्या कोणत्याच मालाच्या कामी येत नसेल, तर ते पैसे वसूल व्हायला जुन्याने तब्बल 20 दिवस स्वस्थ बसायला हवे. हे ओळखून पाहुणा येतच नाही, आणि 70 चा दर टिकतो. माझ्या मते सिद्धांताची खरी मर्यादा इथेच आहे : बुडीत खर्च थोडा असून भागत नाही, जुन्याच्या उत्तराला लागणारा वेळ तो खर्च वसूल व्हायला लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त असावा लागतो.

व्यापाऱ्यांच्या हातात मात्र एक उपाय उरतो, आणि तो डेमसेट्झ यांच्या बोलीच्या कल्पनेशी जुळतो. गाडी पट्ट्यात येण्याआधीच कारखानदारांनी नवागताशी 55 रुपयांच्या ठरलेल्या दराने महिनाभराचा करार केला, तर जुन्याने दर कितीही खाली आणला तरी त्या महिन्याच्या गाठी त्याच्या गाडीत चढत नाहीत. पाहुण्याला मात्र रोज 300 रुपये सुटतात. महिन्याच्या 30 दिवसांत ते 9,000 होतात, म्हणजे सांगाड्याचा निम्मा खर्च. म्हणून त्याला सांगाडा बसवायचा असेल तर तो करार दोन महिन्यांचा मागेल.