विकास सोसायटीच्या वह्या संगणकावर नेताना: प्रस्ताव, कागदपत्रे आणि खतावणीची जुळवणी

गावच्या विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थांच्या, म्हणजे आपल्या विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी मंजुरी दिली. सुरुवातीचे उद्दिष्ट देशभरातल्या ६३ हजार संस्थांचे होते, खर्च २,५१६ कोटी रुपये, आणि अंमलबजावणी नाबार्डकडे. सॉफ्टवेअर सगळीकडे एकच असते, ते संस्थेने निवडायचे नसते. आपल्या हातात राहते ते वह्यांमधली माहिती नीट काढून देणे, आणि गाडी अडते तीही तिथेच.

ही योजना चालू स्थितीतल्या विकास सोसायट्यांसाठी आहे. पतसंस्था किंवा गृहनिर्माण संस्था तिच्यात बसत नाहीत. त्यांनी हे काम स्वतःच्या खर्चाने, समितीच्या मंजुरीने करायचे. पुढची पद्धत मात्र त्यांनाही तशीच लागू पडते.

प्रस्ताव साधारणपणे तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयातून पुढे जातो. त्याला संचालक मंडळाचा ठराव, शेवटचा लेखापरीक्षण अहवाल, मार्चअखेरचे तेरीज पत्रक, नमुना आय मधील सभासद नोंदवही, वैयक्तिक खतावणीवरून काढलेली सभासदनिहाय बाकी यादी आणि जिल्हा बँकेचा शिल्लक दाखला जोडून ठेवावा. ठरावात ‘संगणकीकरणास मान्यता’ एवढेच लिहून भागत नाही. कोणत्या तारखेची शिल्लक संगणकावर घ्यायची आणि तफावत निघाली तर दुरुस्तीवर सही कोणाची, हे दोन्ही त्यात असू द्या. नाहीतर पुढे प्रत्येक चुकीसाठी वेगळी सभा बोलवावी लागते. तारीख ३१ मार्च धरणे सोपे, कारण त्या दिवसाचे आकडे लेखापरीक्षकाने तपासलेले असतात.

आता रकाने. चार तक्ते पुरतात: सभासद, जमीन, खाते आणि व्यवहार.

सभासदाच्या तक्त्यात सभासद क्रमांक, पूर्ण नाव, वाडी, प्रवेशाची तारीख, वारस, मोबाइल आणि सध्याची स्थिती. सभासद मयत झाला की त्याचाच क्रमांक मुलाला देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती इथे मोडा. मुलाला नवा क्रमांक द्या आणि ‘कोणाच्या जागी’ असा एक रकाना ठेवा, नाहीतर बापाचे थकीत कर्ज आणि मुलाचे नवे कर्ज एकाच नावाखाली मिसळते. एकाच गावात एकाच नावाचे तिघे निघतात. त्यांना वाडी आणि गट क्रमांकानेच वेगळे करता येते.

जमिनीच्या तक्त्यात गट क्रमांक आणि क्षेत्र. जुन्या वहीत क्षेत्र एकर-गुंठ्यात, तर सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये. वहीतले ‘२-२०’ म्हणजे अडीच एकर, कारण एकराला चाळीस गुंठे. ते संगणकावर २.२० असे टाकले तर त्या सभासदाची कर्जमर्यादाच चुकीची निघेल. त्यामुळे क्षेत्र वहीतून उतरवू नका, चालू सातबाऱ्यावरून घ्या.

खात्याच्या तक्त्यात प्रकार (शेअर्स, ठेव, पीक कर्ज, मध्यम मुदत), मंजूर रक्कम, वाटपाची तारीख, व्याजदर, देय तारीख, मुद्दल बाकी आणि व्याज बाकी. मुद्दल आणि व्याज एकत्र लिहिलेले असेल तर आधी ते वेगळे करा. शिवाय हमखास विसरला जाणारा एक रकाना आहे: व्याज कोणत्या तारखेपर्यंत आकारले. तो मोकळा राहिला तर वाटपाच्या तारखेपासून पुन्हा व्याज लागण्याची भीती असते, आणि सभासद पावती घेऊन दारात उभा राहतो.

व्यवहारात तारीख, पावती किंवा व्हाउचर क्रमांक, नावे किंवा जमा, रक्कम, आणि मूळ वहीचे पान. पानाचा रकाना सॉफ्टवेअरमध्ये नसेल तर निदान आपल्या एक्सेल यादीत तरी असावा.

एक्सेलबद्दल एक सूचना. तो पंधरापेक्षा जास्त अंकांची संख्या पूर्ण धरत नाही, पुढचे अंक शून्य करून टाकतो. सोळा अंकी बँक खात्याचा शेवटचा आकडा असा गुपचूप बदलतो, आणि सुरुवातीची शून्ये तर उडतातच. टंकलेखन सुरू करण्याआधीच तो स्तंभ मजकूर स्वरूपाचा करून घ्या. नंतर केला तर गेलेले अंक परत येत नाहीत.

भरणी झाली की जुळवणी. सभासदनिहाय बाकीची बेरीज आणि तेरीज पत्रकातला आकडा शेअर्स, ठेवी आणि कर्ज या तिन्हींसाठी रुपयापर्यंत जुळला पाहिजे. समजा एका सोसायटीत तेरजेत पीक कर्जाचे येणे १,८६,६९,३५० आहे आणि वैयक्तिक खतावणीची बेरीज १,८६,४२,३५० येते. तफावत २७,०००. चारशे खाती पहिल्यापासून तपासायला बसू नका. जुन्या सचिवांच्या दोन युक्त्या आहेत. तफावत निम्मी करा: १३,५००. एवढ्याच रकमेची नोंद उलट्या बाजूला, म्हणजे नावेऐवजी जमेला गेली आहे का, ते बघा. नसेल तर नऊने भागा. पूर्ण भाग गेला तर अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संशय घ्यायचा. २७,००० ला भाग ३,००० वेळा जातो. मग अशी रक्कम शोधायची जिचे पहिले दोन अंक उलटे केले की फरक २७ हजारांचा पडेल: ६३ आणि ३६, ५२ आणि २५, ४१ आणि १४. किर्दीत वाटप ६३,००० आणि खतावणीत ३६,००० असे पान सापडले, की चूक हाती लागली.

सापडली म्हणून लगेच संगणकात आकडा बदलू नका. अशी चूक तीन-चार वर्षे पुढे ओढली गेलेली असू शकते, आणि तोवर त्या सभासदाने छत्तीस हजारांच्या हिशेबाने भरणा करून आपले खाते मिटले असेच धरलेले असते. व्हाउचरवरची त्याची सही दाखवा आणि बाकी मान्य असल्याचे लेखी घ्या. मग खतावणीत लाल शाईने दुरुस्ती, तारीख आणि ठरावात ठरलेली सही, आणि त्यानंतर संगणक. तेरीज इथे बरोबरच होती, म्हणून किर्दीत नवी नोंद करायची नाही. व्हाउचरच मिळत नसेल तर रक्कम अंदाजाने कुणाच्या नावावर टाकू नका. ती ‘जुळवणी तफावत’ या नावाने वेगळी दाखवा आणि लेखापरीक्षकाला लेखी कळवा.

बेरीज जुळली तरी एक चूक लपून राहते: एकाची बाकी दुसऱ्याच्या नावावर. एकूण आकडा बरोबर, माणसे चुकीची. ती बेरजेने कधीच सापडत नाही. त्यासाठी बाकीच्या चिठ्ठ्या काढून सभासदांना वाटा आणि सही घेऊन परत मागवा. हरकतीला पंधरा दिवस द्या. मोठ्या थकबाकीदारांना सचिवाने स्वतः भेटावे. टपालाने गेलेली चिठ्ठी ते सही करून पाठवतील या भरवशावर राहू नये.

यानंतर किमान तीन महिने वही आणि संगणक दोन्ही चालवा. रोज संध्याकाळी पेटीतली रोख, किर्दीतली शिल्लक आणि पडद्यावरची शिल्लक जुळवायची. मार्चअखेरच्या भरण्याची गर्दी या तीन महिन्यांत येणार नाही असे बघा.

जुनी खतावणी बंद करताना शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ मारून ‘येथील बाकी संगणकावर घेतली’ असे लिहा, तारीख टाका, सचिव आणि अध्यक्षांच्या सह्या घ्या. वह्या रद्दीत घालू नका. सभासद नोंदवही हा सहकार कायद्याच्या कलम ३८ खाली पुरावा धरला जातो, आणि सभासदाने खात्यावर हरकत घेतली की आपण मघाशी टाकलेल्या पान क्रमांकावरून त्याच वहीत बोट ठेवावे लागते.